एका डब्याचा हिशेब : ग्राहक मिळवण्याचा खर्च आणि ग्राहकाचे आयुष्यमूल्य

स्टार्टअपच्या बैठकीत दोन आकडे हमखास विचारले जातात. एक ग्राहक मिळवायला किती खर्च आला, हा पहिला. त्याला बोलीभाषेत ‘कॅक’ म्हणतात. तो ग्राहक आपल्याकडे आहे तोवर त्याच्याकडून एकूण किती मिळेल, हा दुसरा. तो ‘एलटीव्ही’, म्हणजे आयुष्यमूल्य. दुसऱ्याला पहिल्याने भागायचे आणि उत्तर तीनच्या वर आले की धंदा ठीक आहे असे मानायचे, अशी रीत पडली आहे. भागाकार सोपा आहे. पण त्यात घातलेले दोन्ही आकडे बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून उचललेले असतात. ते कुठून उचलावेत, हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन येथे पाहू.

उदाहरण कल्पित आहे, मुद्दाम सोपे घेतले आहे. पुण्यात वाकडला स्वयंपाकघर असलेली एक छोटी कंपनी हिंजवडीतल्या नोकरदारांना दुपारचा डबा पोचवते. महिन्याला २५ डबे, डब्याला १२० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून महिन्याचे ३,००० रुपये. पैसे महिन्याच्या सुरुवातीला घेतले जातात.

ग्राहकामागे खरोखर काय उरते

खर्च आणि मूल्य मोजण्याआधी एक तिसरा आकडा पक्का करावा लागतो, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. ग्राहकाने ३,००० रुपये दिले म्हणून कंपनीला ३,००० मिळाले असे होत नाही. एका डब्यामागे शिधा, गॅस आणि स्वयंपाकाची मजुरी ६० रुपये, पोचवण्याचे २४ आणि पॅकिंगचे ८, असे ९२ रुपये जातात. पंचवीस डब्यांचे झाले २,३००. पेमेंट गेटवेचे शुल्क आणि न पोचलेल्या किंवा सांडलेल्या डब्यांची भरपाई मिळून महिन्याला आणखी १०० धरू. एकूण २,४०० गेले, उरले ६००.

हे ६०० रुपये म्हणजे ग्राहकाचा मासिक वाटा. यातून स्वयंपाकघराचे भाडे, व्यवस्थापकाचा पगार, अॅपची देखभाल असे सगळे स्थिर खर्च निघायचे आहेत. म्हणजे हा नफा नव्हे. एखादा खर्च वाट्यातून वजा करायचा की नाही, याची कसोटी साधी आहे. उद्या एक ग्राहक वाढला तर तो खर्च वाढेल का? तांदूळ वाढेल, म्हणून वजा करायचा. भाडे वाढणार नाही, म्हणून ते येथे धरायचे नाही.

नवखे संस्थापक येथेच पहिली मोठी चूक करतात : आयुष्यमूल्य काढताना ६०० ऐवजी ३,००० घेतात. डब्याच्या धंद्यात याने उत्तर पाचपट फुगते. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत शंभरातले सत्तर-ऐंशी रुपये उरतात, तेथे ही चूक लपून जाते. अन्नाच्या धंद्यात ती जीवघेणी ठरते.

मिळवण्याचा खर्च : कोणाचे पैसे मोजायचे राहिले?

जानेवारीत कंपनीला २०० नवे ग्राहक मिळाले. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचे बिल १,२०,००० रुपये. संस्थापकाने भागाकार केला आणि सांगितले, ‘आमचा कॅक ६०० रुपये.’ म्हणजे एका महिन्यात वसूल. ऐकायला फार छान.

आता त्याच महिन्याची चोपडी नीट उघडू. जाहिराती तयार करणाऱ्या एजन्सीला २०,००० दिले. ५०० जणांना प्रत्येकी दोन डबे चवीसाठी फुकट पाठवले; हजार डबे, डब्याला ९२ रुपये, म्हणजे ९२,०००. त्या पाचशेंपैकी ३०० जणांनी पुढे काहीच घेतले नाही, पण त्यांनी खाल्लेल्या डब्यांचा खर्चही उरलेल्या २०० जणांच्याच डोक्यावर बसतो. कंपन्यांच्या दारात टेबल टाकून बसणाऱ्या दोन मुलांचे पगार ५०,०००. जुन्या ग्राहकाने मित्र आणला तर त्याला ३०० रुपये, असे ६० मित्र आले, म्हणजे १८,०००. आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला पहिल्या महिन्यात ५०० रुपये सूट, म्हणजे १,००,०००.

बेरीज ४,००,००० होते. दोनशेने भागले की कॅक येतो २,००० रुपये. जाहिरातीच्या बिलातून निघालेल्या आकड्याच्या तिपटीहून जास्त.

सुटीबद्दल वाद होतो. ती मिळवण्याचा खर्च मानायची, की पहिल्या महिन्याचे उत्पन्न कमी दाखवायचे? दोन्ही चालते. अट एकच : ती कुठेतरी एकदा आणि एकदाच दिसली पाहिजे. मी ती खर्चात धरली, म्हणून पहिल्या महिन्याचा वाटाही पूर्ण ६०० धरणार आहे. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबात ती दोन्हीकडून गायब असते. विपणन विभाग म्हणतो ती विक्रीची बाब, विक्री विभाग म्हणतो ती विपणनाची.

हा खर्च नजरेआड करण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या ग्रुपॉन या सवलत-कुपन विकणाऱ्या कंपनीचे आहे. जून २०११ मध्ये शेअर बाजारात येण्यासाठी तिने जी कागदपत्रे दाखल केली, त्यात स्वतःचे एक मोजमाप पुढे केले होते. नवे सदस्य मिळवण्यासाठी केलेला ऑनलाइन जाहिरातींचा खर्च त्यातून वगळला होता. त्या मोजमापाने २०१० साली कंपनीला सुमारे ६ कोटी डॉलर नफा दिसत होता. नेहमीच्या हिशेबपद्धतीने मात्र त्याच वर्षाचा कामकाजातला तोटा सुमारे ४२ कोटी डॉलर होता. हा खर्च गुंतवणुकीसारखा आहे, पुढे तो थांबवता येईल, अशी कंपनीची भूमिका होती. नियामकांनी आक्षेप घेतला आणि ऑगस्टमध्ये ते मोजमाप कागदपत्रांतून काढावे लागले. जो ग्राहक आणायला पैसे लागतात आणि तो गेला की त्याच्या जागी दुसरा आणायला पुन्हा लागतात, त्याच्यावरचा खर्च ‘पुढे थांबेल’ असे म्हणता येत नाही.

आयुष्यमूल्य : दहा टक्के गळती नेमकी कोणाची?

आयुष्यमूल्याचे पाठ्यपुस्तकी सूत्र असे आहे : मासिक वाटा भागिले मासिक गळती. गळती म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला असलेल्या ग्राहकांपैकी किती टक्के सोडून गेले. आपल्या कंपनीत सुरुवातीला १,००० ग्राहक होते, १०० गेले, म्हणून गळती १० टक्के. दर महिन्याला दहातला एक जातो, तर सरासरी ग्राहक १० महिने टिकतो. ६०० गुणिले १०, आयुष्यमूल्य ६,०००. कॅक २,०००. गुणोत्तर बरोबर तीन. संस्थापक खूश, गुंतवणूकदारही खूश.

या सूत्राच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. काल आलेला ग्राहक आणि दोन वर्षे जुना ग्राहक, दोघांचीही पुढच्या महिन्यात जाण्याची शक्यता सारखीच आहे असे ते मानते. डब्याच्या धंद्यात, खरे तर जवळजवळ कुठल्याच धंद्यात, तसे नसते. ते शंभर गेलेले ग्राहक कोण होते हे विचारले की चित्र बदलते. हजारांपैकी १५० जण आदल्या महिन्यात नव्याने आलेले होते; त्यांतले ६० गेले, म्हणजे ४० टक्के. उरलेले ८५० जुने. त्यांतले ४० गेले, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. दहा टक्के ही सरासरी खरी आहे, पण त्या दराने गळणारा एकही गट कंपनीत नाही.

शिवाय ही सरासरी विचित्र वागते. पुढच्या महिन्यात जाहिरात बंद केली की नवे ग्राहक कमी होतात, त्यामुळे गळतीचा दर आपोआप खाली येतो आणि आयुष्यमूल्य वाढल्यासारखे दिसते. जाहिरात दुप्पट केली की उलटे होते. डब्याची चव, वेळ, भाव यांत काडीचाही बदल न होता आकडा वर-खाली नाचतो. अशा आकड्यावर निर्णय घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

त्याऐवजी एका महिन्यात आलेल्या ग्राहकांची एक तुकडी धरावी आणि तीच पुढे महिनोन्महिने मोजत जावी. अशा तुकडीला कोहोर्ट म्हणतात. सरकार एका वर्षी पहिलीत बसलेल्या मुलांपैकी दहावीपर्यंत किती पोचली हे पाहते, तसेच हे. जानेवारीत आलेल्या आपल्या २०० जणांचे वर्षभरात काय झाले, ते असे :

| महिना | पैसे भरणारे ग्राहक | आतापर्यंतचे एकूण ग्राहक-महिने | आतापर्यंत जमलेला वाटा (रुपये) |
|---|---|---|---|
| १ | २०० | २०० | १,२०,००० |
| २ | १२० | ३२० | १,९२,००० |
| ३ | ९० | ४१० | २,४६,००० |
| ४ | ७५ | ४८५ | २,९१,००० |
| ५ | ६५ | ५५० | ३,३०,००० |
| ६ | ६० | ६१० | ३,६६,००० |
| ७ | ५५ | ६६५ | ३,९९,००० |
| ८ | ५२ | ७१७ | ४,३०,२०० |
| ९ | ४९ | ७६६ | ४,५९,६०० |
| १० | ४६ | ८१२ | ४,८७,२०० |
| ११ | ४५ | ८५७ | ५,१४,२०० |
| १२ | ४३ | ९०० | ५,४०,००० |

ग्राहक-महिना म्हणजे एका ग्राहकाने भरलेला एक महिना. वर्षभरात २०० जणांनी मिळून ९०० ग्राहक-महिने भरले, म्हणजे माणशी साडेचार. साडेचार गुणिले ६००, एका ग्राहकाने पहिल्या वर्षात दिलेला वाटा २,७०० रुपये. दहा टक्क्यांच्या सूत्रावर विसंबले असते, तर याच पहिल्या वर्षात माणशी सुमारे ४,३०० अपेक्षित होते.

पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. दुसऱ्या महिन्याचे पैसे भरायची वेळ आली तेव्हाच ८० जण निघून गेले होते. पुढे गळती मंदावत जाते आणि वर्षाअखेर ती महिन्याला चार-पाच टक्क्यांवर येते. यावरून ग्राहक हळूहळू निष्ठावान होतो असा अर्थ काढण्याची घाई होते. थोडेफार तसे होतही असेल, पण मोठे कारण वेगळे आहे. आलेल्या दोनशेंमध्ये मुळातच दोन तऱ्हेची माणसे होती. काही केवळ पाचशेच्या सुटीसाठी आलेली, काही घरी स्वयंपाक करायला कोणी नाही म्हणून आलेली. पहिली लवकर गेली, दुसरी उरली. उरलेल्यांची सरासरी त्यामुळे सुधारलेली दिसते. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या अभ्यासकांनी २००७ साली ग्राहक किती टिकतील याचा अंदाज बांधण्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच आहे : टिकण्याचा दर काळाबरोबर सुधारतो, कारण कच्चे आधी गळतात.

बाराव्या महिन्यानंतरचे काय? ४३ जण उरले आहेत. ते यापुढे महिन्याला पाच टक्क्यांनी गळत राहतील असे धरले, तर दुसऱ्या वर्षात आणखी सुमारे ३७५ ग्राहक-महिने मिळतील. दोन वर्षांचे मिळून माणशी मूल्य ३,८०० रुपयांच्या आसपास जाते. कायमचे मोजत राहिले तर ते ५,१५० पर्यंत पोचते. म्हणजे तथाकथित आयुष्यमूल्याचा जवळपास अर्धा भाग अजून घडलेलाच नाही. त्या काळात हिंजवडीच्या कंपन्या घरून काम करायला सांगतील, शेजारी स्वस्त डबा सुरू होईल, तांदूळ महागेल. दोन वर्षे जुनी कंपनी पाच वर्षांनंतरचे ग्राहक मोजते तेव्हा ती मोजत नसते, कल्पना करत असते. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात दोन वर्षांपलीकडचे मूल्य शून्य धरावे, असे मी सुचवेन.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ग्राहक ‘गेला’ असे कधी म्हणायचे? डब्याचा ग्राहक राजीनामा देत नाही. गणपतीला गावी जातो, दिवाळीत सुटी घेतो, मे महिन्यात मुलांना घेऊन सासरी किंवा आजोळी जातो आणि परत येतो. त्याला लगेच गेलेला मानले तर गळती फुगते. कधीच गेला मानले नाही तर ती दबते. शेवटच्या भरण्याची मुदत संपून ४५ दिवस झाले की गेला, असा एखादा नियम ठरवावा आणि मग वर्षभर तो बदलू नये. नियम कोणता यापेक्षा तो मध्येच बदलला नाही, याला जास्त महत्त्व आहे.

खड्डा किती खोल?

आता दोन्ही आकडे एकत्र आणू. २,००० खर्च करून पहिल्या वर्षात २,७००, दोन वर्षांत ३,८००. गुणोत्तर तीन नाही. एका वर्षाचे १.३५ आणि दोन वर्षांचे सुमारे १.९ आहे. तीनास एक हा दंडक मुळात सॉफ्टवेअर वर्गणीच्या धंद्यासाठी आहे. अमेरिकेतले गुंतवणूकदार डेव्हिड स्कॉक यांनी तो लोकप्रिय केला आणि त्याच्या जोडीला, मिळवण्याचा खर्च बारा महिन्यांच्या आत वसूल व्हावा, अशी दुसरी अटही सांगितली. आपल्याकडे पहिली अट पाठ होते, दुसरी विसरली जाते. माझ्या मते छोट्या कंपनीसाठी दुसरीच अधिक कामाची आहे, कारण गुणोत्तराने भाडे भरता येत नाही.

वसुलीचा काळही लोक चुकीचा काढतात. २,००० भागिले ६००, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत, असे उत्तर येते. ते फक्त न सोडून गेलेल्या ग्राहकाला लागू आहे. तुकडीसाठी ४,००,००० रुपये जमायला हवेत. तक्त्यात सातव्या महिन्याअखेर ३,९९,००० जमलेले दिसतात, एक हजार कमी. म्हणजे वसुली आठव्या महिन्यात. चार आणि आठ यांतला फरक हाच धंदा टिकण्याचा आणि बुडण्याचा फरक असू शकतो.

कसा, ते पाहा. समजा कंपनी दर महिन्याला ४ लाख खर्चून २०० नवे ग्राहक आणत राहिली आणि प्रत्येक तुकडी जानेवारीसारखीच वागली. तिसऱ्या महिन्यात पैसे भरणारे किती असतील? नव्या तुकडीचे २००, आदल्या तुकडीचे १२० आणि पहिल्या तुकडीचे ९०, म्हणजे ४१०. तक्त्याचा तिसरा स्तंभ पाहिला तर हाच आकडा तेथे आहे. चौथा स्तंभ म्हणजे त्या महिन्यातली वाट्याची एकूण जमा. पहिल्या महिन्यात ४ लाख गेले, १ लाख २० हजार आले, खड्डा २ लाख ८० हजारांचा. दुसऱ्या महिन्यात आणखी २ लाख ८ हजारांची भर. असे करत सातव्या महिन्याअखेर खड्डा ८ लाख ५६ हजारांवर पोचतो आणि मग भरू लागतो. ग्राहकामागे नफा असूनही, केवळ वाढत राहण्यासाठी एवढे पैसे बाजूला हवेत. त्यात अजून भाड्याचा रुपयाही धरलेला नाही. बाराव्या महिन्यात जमा ५ लाख ४० हजार, खर्च ४ लाख, उरले १ लाख ४० हजार. भाडे, व्यवस्थापक आणि अॅप यांना महिन्याला २ लाख लागत असतील, तर पूर्ण वर्ष चालूनही कंपनी महिन्याला ६० हजारांच्या तोट्यातच आहे.

शेवटचा ग्राहक सरासरीने येत नाही

फेब्रुवारीत संस्थापकाने ठरवले की वेग वाढवायचा. खर्च ४ लाखांवरून ७ लाख केला, नवे ग्राहक २८० आले. सरासरी कॅक २,५००. थोडा वाढला, पण घाबरण्यासारखे नाही, असे वाटते. नीट विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वाढीव ३ लाखांनी किती जण आले? ऐंशी. म्हणजे त्या ऐंशी जणांतल्या प्रत्येकामागे ३,७५० रुपये.

याला कारण आहे. ज्यांना डबा हवाच होता, असे लोक पहिल्या जाहिरातीलाच फोन करतात. तेवढे संपले की ज्यांना समजवावे लागते असे उरतात, तीच जाहिरात त्यांना पुन्हा पुन्हा दाखवावी लागते, सूटही मोठी द्यावी लागते. शिवाय वाढीव ऐंशीतले बरेचसे हिंजवडीबाहेर, बाणेर-बालेवाडीकडे विखुरलेले असतील, तर पोचवणाऱ्या मुलाच्या एका फेरीत कमी डबे बसतात. डब्यामागे २४ ऐवजी ३० रुपये लागले की मासिक वाटा ६०० वरून ४५० वर उतरतो. ते पहिल्या तुकडीइतकेच टिकले असे उदार मनाने धरले, तरी पहिल्या वर्षात माणशी २,०२५ आणि दोन वर्षांत सुमारे २,८७० रुपये देतील. खर्च ३,७५०. सरासरी २,५०० पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

ही केवळ कागदावरची भीती नव्हे. मोजून-मापून भरलेला शिधा आणि पाककृती डब्यात घालून घरोघरी पाठवणारी न्यूयॉर्कची ब्लू एप्रन ही कंपनी जून २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. एक ग्राहक मिळवायला ९४ डॉलर लागतात, असा आकडा तिच्या कागदपत्रांत होता. तो २०१४ पासूनच्या सगळ्या वर्षांची एकत्र सरासरी होता, म्हणजे सुरुवातीचे स्वस्तात मिळालेले ग्राहकही त्यात होते. डॅनियल मॅकार्थी या विपणनाच्या प्राध्यापकांनी कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांवरून उलटा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने अलीकडच्या ग्राहकामागचा खर्च १४७ डॉलरच्या आसपास गेला होता आणि सहा महिन्यांत ७२ टक्के ग्राहक सोडून जात होते. आपल्या कल्पित तुकडीत सातवा महिना भरायला ५५ उरले होते, म्हणजे गळती जवळजवळ तेवढीच. कंपनीने शेअरची किंमत १५ ते १७ डॉलर ठेवायचे योजले होते. तेवढ्यात अॅमेझॉनने होल फूड्स ही किराणा दुकानांची साखळी विकत घेण्याची घोषणा केली आणि शेवटी १० डॉलरवर विक्री झाली. तेव्हा सुमारे १९० कोटी डॉलर मूल्य असलेली ही कंपनी २०२३ मध्ये साधारण १० कोटी डॉलरना विकली गेली. या घसरणीला इतरही कारणे होती. पण त्या दोन आकड्यांतली भेग पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होती.

मग दुरुस्ती कुठे?

तक्ता हाताशी असला की कुठे हात घालायचा हेही मोजता येते. सर्वांत मोठी गळती पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याच्या मध्ये आहे. समजा डबा वेळेवर पोचवून, तीच भाजी आठवड्यात पुन्हा येऊ न देता, १२० ऐवजी १४० जणांनी दुसरा महिना भरला आणि पुढची गळती पूर्वीच्याच प्रमाणात झाली. वर्षाचे ग्राहक-महिने ९०० वरून सुमारे १,०१७ होतात, माणशी वाटा २,७०० वरून ३,०५० आणि वसुली आठव्याऐवजी सहाव्या महिन्यात. दुसरा उपाय डब्यामागे पाच रुपये भाव वाढवण्याचा. कोणी त्यामुळे सोडून गेले नाही, तर मासिक वाटा ७२५ च्या जवळ जातो आणि वर्षाचा वाटा सुमारे ३,२६० रुपये. वसुली येथेही सहाव्या महिन्यात. पण ‘कोणी सोडून गेले नाही तर’ ही अट मोठी आहे. म्हणून भाववाढ आधी एका नव्या तुकडीला लावून, तिचा दुसरा महिना पाहून मगच सगळ्यांना लावावी.

सूट काढून टाकणे हा तिसरा उपाय आहे आणि तो सर्वांत फसवा आहे. ५०० ची सूट काढली की कॅक लगेच १,५०० दिसतो, पण तेव्हा २०० जण येणार नाहीत. कदाचित १२० येतील आणि एजन्सी, पगार, जाहिरात हा तोच खर्च त्यांच्यावर वाटला जाईल. जे येतील ते मात्र जास्त टिकतील. ही देवाणघेवाण फायद्याची की तोट्याची, हे सूत्राने सांगता येत नाही. त्यासाठी सूट घेऊन आलेल्यांची आणि सूट न घेता आलेल्यांची तुकडी वेगळी ठेवावी लागते. मित्राच्या सांगण्यावरून आलेल्या साठ जणांचीही तशीच. बहुतेक ठिकाणी हे साठ जण सर्वांत स्वस्तात आलेले आणि सर्वांत जास्त टिकणारे निघतात, आणि नेमके तेच एकत्र सरासरीत विरघळून महागड्या ग्राहकांची लाज राखतात.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीने फेब्रुवारीचे वाढीव ३ लाख रुपये खर्च करायला नको होते. ते ऐंशी ग्राहक दोन वर्षे चालवूनही पैसे परत देत नाहीत. मार्चचे अंदाजपत्रक पुन्हा ४ लाखांवर आणावे, आणि जानेवारीच्या तुकडीतले जे ८० जण दुसऱ्याच महिन्यात गेले, त्यांना संस्थापकाने स्वतः फोन करावेत.